436 रुपयांचा विमा आणि 25 हजारांची पॉलिसी

मे महिना संपता संपता आपल्यापैकी अनेकांच्या पासबुकात 436 रुपयांची वजावट दिसते. अणदूर असो, नळदुर्ग असो की तुळजापूर, ज्याने कधीकाळी बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या अर्जावर सही केली आहे, त्याच्या खात्यातून ही रक्कम दरवर्षी आपोआप जाते. बदल्यात 1 जून ते 31 मे या वर्षात खातेदाराचे निधन झाले, तर वारसदाराला 2 लाख रुपये मिळतात. काही झाले नाही तर 436 रुपये परत येत नाहीत. वर्ष संपले, विमा संपला.

त्याच घरातल्या कपाटात, जमिनीच्या उताऱ्यांच्या आणि निकाहनाम्याच्या पिशवीत, बहुधा आणखी एक कागद असतो. ती असते 20 वर्षांची एंडोमेंट पॉलिसी. तिचा हप्ता वर्षाला 20-25 हजार, आणि सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीच्या आसपास तो भरला जातो. या पॉलिसीलाही आपण विमाच म्हणतो. पण 436 रुपयांत 2 लाखांचे संरक्षण मिळत असेल, तर 25 हजारांत किती मिळायला हवे? आणि प्रत्यक्षात किती मिळते? या महिन्यात आम्ही एवढा एकच हिशेब मांडणार आहोत.

एका हप्त्यात दोन कामे

विम्याचे मूळ काम एकच. कमावता माणूस अकाली गेला तर त्याच्या कमाईची जागा भरून काढणे. फक्त एवढेच काम करणाऱ्या विम्याला टर्म विमा म्हणतात. ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे मिळतात, माणूस हयात राहिला तर काहीच नाही. 436 रुपयांची सरकारी योजना हा टर्म विम्याचाच एक लहान नमुना आहे.

एंडोमेंट पॉलिसी दोन कामे एकत्र करते. मृत्यू झाला तर विमा रक्कम देते आणि मुदत पूर्ण झाली तर विमा रक्कम अधिक बोनस देते. म्हणजे आपल्या हप्त्याचा एक लहान भाग संरक्षणासाठी जातो, काही भाग कमिशन आणि खर्चात जातो आणि उरलेला मोठा भाग कंपनी आपल्या वतीने गुंतवते. कोणत्या कामाला किती गेले, हे पावतीवर लिहिलेले नसते. म्हणून दोन्ही कामे आपण स्वतःच वेगळी करून पाहू.

एका घराचा हिशेब

हिशेबासाठी अणदूरचे एक घर कल्पू. नवरा 30 वर्षांचा आहे, सोलापूर-हैदराबाद हायवेवर त्याचे छोटे गॅरेज आहे. घरात बायको, दोन लहान मुले आणि अम्मी. महिन्याचा खर्च 15 हजार. त्याने 5 लाखांची, 20 वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घेतली आहे. हप्ता वर्षाला 25 हजार धरू. कंपनी दरवर्षी बोनस जाहीर करते. तो हजारी 40 रुपये धरू, म्हणजे विमा रकमेच्या प्रत्येक हजारामागे 40 रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या पॉलिसीचा हप्ता आणि बोनस थोडा कमी-जास्त असेल, पण हिशेबाची रीत तीच राहते.

5 लाखांवर हजारी 40 म्हणजे वर्षाला 20 हजार रुपये बोनस. 20 वर्षांचे झाले 4 लाख. शेवटी मिळणारा अंतिम बोनस आणखी 20 हजार धरला, तर मुदतीअंती हाती येतात 9 लाख 20 हजार. भरलेले हप्ते 5 लाख. एजंट म्हणतो, "पैसे जवळजवळ दुप्पट, वर विमा फुकट." ऐकायला हे खरे वाटते.

यात दोन गोष्टी नजरेआड राहतात. पहिली म्हणजे बोनसची जात. तो विमा रकमेवर मोजला जातो आणि साधा असतो. पहिल्या वर्षी जमा झालेले 20 हजार 20 वर्षांनीही 20 हजारच असतात. बोनसवर बोनस चढत नाही. शिवाय जमा झालेला बोनस हातात येत नाही, तो मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतरच मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पहिला हप्ता 20 वर्षे अडकला आहे, शेवटचा फक्त एक वर्ष. हे लक्षात घेऊन काटेकोर हिशेब केला, तर या पॉलिसीत पैसा वर्षाला साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढला असे निघते. नुकसान नाही, पण महागाईच्या फार पुढेही नाही.

आता मुख्य प्रश्न. पाच हप्ते भरून झाले, सहाव्या वर्षी त्या माणसाचे निधन झाले. घरी काय येईल? 5 लाख विमा रक्कम आणि 5 वर्षांचा 1 लाख बोनस, म्हणजे 6 लाख. महिन्याचा खर्च 15 हजार असेल तर हे पैसे 40 महिने पुरतील, तेही भाव अजिबात वाढले नाहीत असे धरून. धाकटा मुलगा त्या वेळी चार वर्षांचा असेल, तर तो दुसरीत जाईपर्यंत पैसे संपलेले असतील. ज्या कामासाठी पॉलिसी घेतली असे आपण समजत होतो, त्याच कामात ती कमी पडली.

तेच 25 हजार, दोन वाटांनी

आता तेच 25 हजार वेगळ्या पद्धतीने लावू. 30 वर्षांच्या, तंबाखू न खाणाऱ्या, निरोगी माणसाला वयाच्या साठीपर्यंतचा 50 लाखांचा टर्म विमा मिळाला आणि त्याचा हप्ता वर्षाला 7 हजार आहे, असे धरू. कंपनीनुसार आणि तब्येतीनुसार तो बदलेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी उठला आहे, त्यामुळे वर कर लागत नाही. उरले 18 हजार, म्हणजे महिन्याला 1,500. ते म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जातील.

सहाव्या वर्षी तीच दुर्घटना घडली, तर घरी 50 लाख येतात. शिवाय फंडात पाच वर्षांत भरलेले 90 हजार त्या वेळच्या बाजारभावाने मिळतात. हे 50 लाख कुठेही न गुंतवता नुसते ठेवले आणि भाव दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढले असे धरले, तरी घरखर्च साधारण 16 वर्षे चालतो. चार वर्षांचा मुलगा तोवर वीस वर्षांचा होतो. 40 महिने आणि 16 वर्षे, दोन्ही वाटांतला खरा फरक हा आहे.

आणि माणूस हयात राहिला तर? इथे आम्ही वाचकांना गोड चित्र दाखवणार नाही. महिना 1,500 रुपये 20 वर्षे भरले, तर आपण 3 लाख 60 हजार भरतो. फंड वर्षाला सरासरी 10 टक्क्यांनी वाढला तर साधारण साडेअकरा लाख होतात. 8 टक्क्यांनी वाढला तर 8 लाख 90 हजार, म्हणजे एंडोमेंटपेक्षा थोडे कमीच. 6 टक्क्यांनीच वाढला तर 7 लाखांच्या आत. कोणता आकडा खरा ठरेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. जो खात्रीने सांगतो त्याच्यापासून दूर राहावे.

म्हणून "टर्म आणि फंड घेतला की हमखास जास्त पैसे मिळतात" हे वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असे : त्याच पैशांत संरक्षण दहापट होते, आणि बचत एंडोमेंटच्या आसपास किंवा तिच्या पुढे जाण्याची शक्यता राहते, पण तिची हमी नसते. याच नमुन्याच्या दराने एंडोमेंटमधून 50 लाखांचे संरक्षण घ्यायचे ठरवले, तर हप्ता वर्षाला अडीच लाख होईल. महिन्याला 15 हजारांत चालणारे घर तो भरूच शकत नाही. म्हणूनच एंडोमेंट घेणाऱ्या घरांचा विमा नेहमी तोकडा राहतो.

हलाल-हरामचा प्रश्नही दोन भागांत

आपल्या अनेक घरांत हा हिशेब पुढे सरकण्याआधी दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे यात व्याज आहे का. आम्ही इथे फतवा देणार नाही, तो आमचा अधिकार नाही. पण आलिमांकडे जाताना प्रश्न नीट मांडता यावा, म्हणून पैसा कुठे जातो ते सांगतो.

एंडोमेंटचा हप्ता कंपनीच्या जीवन निधीत जातो. नियमाप्रमाणे या निधीचा किमान निम्मा भाग केंद्र व राज्य सरकारांच्या आणि तत्सम मान्य रोख्यांत ठेवावा लागतो. रोख्यांचे उत्पन्न म्हणजे व्याज, आणि बोनसचा मोठा आधार तेच आहे. आपण काही मागितले नाही तरी हे आपल्या वतीने घडते, आणि त्यातून एखादी वस्तू वगळा असे आपण कंपनीला सांगू शकत नाही.

दोन्ही कामे वेगळी केली की प्रश्नही वेगळे होतात. पहिला, निव्वळ संरक्षणासाठी टर्म विमा घ्यावा का? यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. दुसरा, बचत कुठे ठेवावी? इथे निवड आपल्या हाती असते. टाटा एथिकल फंड आणि टॉरस एथिकल फंड हे शरियतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे फंड आहेत. ते बँका, व्याजावर चालणाऱ्या वित्त कंपन्या, दारूच्या कंपन्या यांचे शेअर घेत नाहीत. नावे केवळ माहितीसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नाही. ज्या घराला टर्म विमा मान्य नाही, ते घरही बचतीचा भाग वेगळा ठेवू शकते.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. असे फंड शेअर बाजारातच असतात, त्यामुळे बाजार पडला की तेही पडतात. जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42 हजारांच्या जवळ होता. कोविडच्या धक्क्याने 23 मार्चला तो 26 हजारांच्या खाली आला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा 42 हजारांवर गेला. मार्चमध्ये घाबरून पैसे काढणाऱ्यांचा तोटा कायमचा झाला. एसआयपी चालू ठेवणाऱ्यांना त्याच महिन्यांत युनिट स्वस्तात मिळाले. जो पैसा पाच-सात वर्षांच्या आत मुलीच्या लग्नाला किंवा बोअरवेलला लागणार आहे, तो शेअरच्या फंडात ठेवू नये.

ही वाट कुठे फसते

टर्म आणि फंडाची वाट कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणी फसते.

पहिले ठिकाण म्हणजे उरलेले 18 हजार. एंडोमेंटच्या हप्त्यासाठी एजंट दारात येतो, लाजेकाजेने का होईना पैसे जातात. फंडासाठी कोणी दारात येत नाही. पावसाने दगा दिला, गॅरेजला ग्राहक कमी आले की सर्वांत आधी एसआयपी बंद होते. टर्म घेतला आणि बचत केलीच नाही, तर वीस वर्षांनी हाती काही नसते. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे त्याने दरमहाच्या हट्टात पडू नये. फंडात एकरकमी पैसेही टाकता येतात. सोयाबीन किंवा द्राक्षांचे पैसे आले की वर्षाचे 18 हजार दोन-तीन वेळा मिळून टाकले तरी चालते.

दुसरे ठिकाण म्हणजे अर्जातली लपवाछपवी. टर्मच्या अर्जात तंबाखूविषयी सरळ प्रश्न असतो, आणि त्यात बिडी-सिगारेटच नाही तर गुटखा, मावा, मिश्रीही येते. हप्ता वाढेल म्हणून "नाही" लिहिले जाते, कधी फॉर्म भरणाराच तसे लिहून टाकतो. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत कंपनी अशा माहितीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. तीन वर्षांनंतर तिला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. पण मृत्यू तीन वर्षे थांबेल असे कोण सांगणार? हप्ता दीड-दोनपट झाला तरी खरे लिहावे, आणि सही करण्याआधी भरलेला फॉर्म वाचून घ्यावा.

तिसरे ठिकाण म्हणजे चुकलेला हप्ता. एंडोमेंटमध्ये काही वर्षे भरून थांबलात तर थोडेफार शिल्लक राहते. टर्ममध्ये वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर संरक्षण बंद, आणि मागचे पैसेही गेले. हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करावी आणि त्या तारखेला खात्यात पैसे आहेत ना, हे पाहावे.

उत्पन्नाचा कागद हाही एक अडथळा आहे. 50 लाखांच्या टर्मसाठी कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि रोखीत धंदा करणाऱ्याकडे तो नसतो. आयकर विवरण भरायला सुरुवात करणे आणि धंद्याचे पैसे खात्यातून फिरवणे, हाच यावर उपाय. तोवर 5 ते 25 लाखांपर्यंतची "सरल जीवन बीमा" ही सर्व कंपन्यांत सारख्या अटींची टर्म पॉलिसी विचारून पाहावी. तिच्यात पहिले 45 दिवस फक्त अपघाती मृत्यूचेच संरक्षण असते. आणि 436 रुपयांची योजना तरी चालू आहे ना, हे पासबुकात पाहावे. त्याच पासबुकात 20 रुपयांची वजावट दिसली तर ती अपघात विम्याची आहे. आजाराने मृत्यू झाला तर तिच्यातून काही मिळत नाही. 436 रुपयांच्या योजनेत वयाच्या 50 वर्षांपर्यंत शिरता येते आणि 55 व्या वर्षी ती संपते.

घरात पॉलिसी आधीच असेल तर

हा हिशेब वाचून उद्याच शाखेत जाऊन पॉलिसी मोडू नका. आधी कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा. आजपर्यंत जमा झालेला बोनस किती, आज मोडली तर सरेंडर रक्कम किती, आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, म्हणजे पेड-अप केली, तर मुदतीअंती किती मिळतील.

आपल्या गॅरेजवाल्याचेच पाहू. पाच वर्षांत त्याने 1 लाख 25 हजार भरले. आज मोडली तर नियमाप्रमाणे किमान हमी म्हणजे भरलेल्या हप्त्यांचे निम्मे, 62,500 रुपये, आणि जमा बोनसचा लहानसा भाग. कंपनीची विशेष सरेंडर रक्कम यापेक्षा जास्त निघाली तर ती मिळते. पेड-अप केली तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते. 20 पैकी 5 हप्ते भरले, म्हणून 5 लाखांचे सव्वा लाख होतात. त्यात जमा झालेला 1 लाख बोनस मिळवला की 2 लाख 25 हजार, पण ते आणखी 15 वर्षांनी.

सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत असलेल्या पॉलिसीत अडकलेले पैसे कमी असतात, तिथे थांबण्याचा विचार करता येतो. मधल्या काळात बहुधा पेड-अप बरी पडते. आणि चार-पाच वर्षेच उरली असतील तर पॉलिसी पूर्ण करणेच बहुतेक वेळा फायद्याचे, कारण आता मोडली तर सरेंडरमध्ये घट होते आणि शेवटचा बोनसही हातचा जातो. पॉलिसी नुकतीच हाती आली असेल आणि पटत नसेल, तर मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो.

काहीही ठरवले तरी क्रम एकच ठेवा. आधी नवा टर्म विमा मंजूर होऊन कागद हाती येऊ द्या, मगच जुनी पॉलिसी थांबवा. तपासणीत साखर किंवा रक्तदाब निघाला आणि टर्म नाकारला गेला, तर जुने 5 लाखांचे संरक्षणच घराचा एकमेव आधार असेल. अशा माणसासाठी एंडोमेंट चालू ठेवणे हाच शहाणपणा.

शेवटचे काम आज रात्रीच करण्यासारखे आहे. सगळ्या पॉलिसी बाहेर काढा आणि वारसदाराचे नाव पाहा. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर अजून मरहूम अब्बांचे नाव असेल, तर ते बदलून घ्या. बायकोचे नाव आधार कार्डावर आणि पॉलिसीवर सारखे आहे का, तपासा. मग एका कागदावर कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि विमा रक्कम लिहून तो बायकोच्या हाती द्या. ऑनलाइन घेतलेला टर्म विमा नवऱ्याच्या मोबाइलमध्येच राहिला आणि घरात कोणालाच त्याची खबर नसली, तर त्या 50 लाखांसाठी दावा करणार कोण?